कचऱ्याचा चहा कुठे होता? : ‘लगान’ दुसऱ्यांदा पाहताना

जून 2023 मध्ये, जागतिक पर्यावरण दिनाच्या निमित्ताने, झोमॅटोने एक जाहिरात काढली होती. प्लास्टिकच्या कचऱ्यापासून पुन्हा वस्तू बनवता येतात, हे तिला सांगायचं होतं. त्यासाठी ‘लगान’मधल्या कचराला, म्हणजे ती भूमिका करणाऱ्या आदित्य लाखिया यांनाच, समोर आणलं गेलं. माणूस टेबल झालेला, माणूस दिवा झालेला, माणूस कुंडी झालेला, आणि प्रत्येक वस्तूखाली किती किलो कचऱ्यापासून ती बनली याचा हिशेब. टीका झाली, कंपनीने जाहिरात मागे घेतली, राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाने नोटीस काढली.

त्या आठवड्यात आपल्या अनेक तरुण मित्रमैत्रिणींनी ‘लगान’ पुन्हा लावून पाहिला. बहुतेकांची प्रतिक्रिया एकच होती : “हा आपला आवडता सिनेमा होता यार, आणि हे त्यात आधीपासूनच होतं?” या प्रश्नाकडे मी थोडं थांबून पाहणार आहे. लहानपणी आवडलेला सिनेमा मोठेपणी टोचतो, तेव्हा लोक म्हणतात, वय झालं, भाबडेपणा गेला, आता तुम्ही सगळीकडे जात शोधता. मला हे उत्तर पटत नाही. सिनेमा तोच आहे, त्यातली एक चौकटही बदललेली नाही. बदलली आहे ती आपण जिथे उभे राहून तो पाहतो ती जागा. पहिल्यांदा आपण भुवनच्या खांद्यावर बसून पाहिला होता. दुसऱ्यांदा आपण कचराच्या शेजारी उभे राहून पाहतो.

आधी पहिली जागा समजून घेऊ. ‘लगान’ 2001 च्या जूनमध्ये आला. पावणेचार तासांचा सिनेमा, आणि त्याचा मोठा भाग म्हणजे शेवटचा सामना. ज्यांनी तो शाळकरी वयात टीव्हीवर, केबलवर, पंधरा ऑगस्टच्या दुपारी पाहिला, त्यांच्या लक्षात काय राहिलं? कॅप्टन रसेलची मिजास, शेवटचा षटकार, नंतरचा पाऊस आणि कचराची हॅट्ट्रिक. हॅट्ट्रिकला आपणही टाळ्या वाजवल्या होत्या. पण गल्लीत क्रिकेट खेळताना सगळ्यांना भुवन व्हायचं होतं. कचरा हे नाव कुणी स्वतःहून घेत नसे. ते नाव दुसऱ्याला चिकटवायचं असायचं : झेल सोडणाऱ्याला, काळ्या पोराला, फाटक्या चड्डीतल्या पोराला. वस्तीतली पोरंसुद्धा तेच करत होती.

याचा दोष त्या पोरांना देता येत नाही. सिनेमा प्रेक्षकाला सांगत असतो की कुणाच्या डोळ्यांनी बघायचं. इथे सगळं भुवनच्या डोळ्यांनी दिसतं. त्याला राग आला की आपल्याला राग येतो, त्याचं मन मोठं झालं की आपल्यालाही मोठं झाल्यासारखं वाटतं. लहान मूल त्या वाटेने बिनबोभाट जातं, कारण अजून त्याला कॉलेजात आडनाव विचारून गप्प होणारं कुणी भेटलेलं नसतं. भाड्याची खोली “कालच गेली” असं सांगणारा घरमालक भेटलेला नसतो. हे सगळं भेटल्यावर माणूस पुन्हा तोच सिनेमा लावतो, तेव्हा त्याचं लक्ष आपोआप चौकटीच्या कडेला जातं. कडेला कोण उभं आहे, का उभं आहे आणि त्याला आत कोण बोलावणार आहे, हे तो पाहू लागतो.

आता तो प्रसंग टप्प्याटप्प्याने पाहू. गावाचा सराव चालला आहे. संघात एक खेळाडू कमी आहे. कचरा दूर कडेला उभा राहून बघतो आहे. चेंडू त्याच्याकडे जातो. भुवन म्हणतो, फेक इकडे. कचरा घाबरतो, कारण ज्या वस्तूला सगळे हात लावणार त्या वस्तूला त्याने हात लावायचा नसतो. शेवटी तो आपल्या अधू हाताने चेंडू फेकतो आणि चेंडू जमिनीवर पडून विलक्षण वळतो. भुवनचे डोळे चमकतात. हाच आपला अकरावा खेळाडू. गाव विरोध करतं, विटाळाची भाषा सुरू होते. भुवन चिडून भाषण करतो, शबरीची उष्टी बोरं खाणाऱ्या रामाचा दाखला देतो. माना खाली जातात, गाव कबूल होतं. कचरा हात जोडून थरथरत उभा असतो.

लहानपणी या प्रसंगात आपल्याला भाषण ऐकू आलं होतं. मोठेपणी तीन गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट हाताची. गावातला प्रत्येक खेळाडू काही ना काही कसब घेऊन संघात येतो. कुणी गोफण फिरवतो म्हणून वेगळ्या ढंगाने चेंडू टाकतो, कुणी कोंबड्या पकडतो म्हणून झेल चांगले घेतो. म्हणजे त्यांच्या रोजच्या कामातलं कौशल्य मैदानात उतरतं. कचराच्या वाट्याला मात्र कौशल्य येत नाही, व्यंग येतं. त्याने कधी सराव केलेला नाही, त्याला स्वतःलाही ठाऊक नाही की आपल्याला काही येतं. फिरकी त्याच्या हाताला ‘झालेली’ आहे, जसा रोग होतो तशी. पुढे सामन्यात नवा चेंडू वळत नाही, पहिल्या दिवशी तो निष्प्रभ ठरतो, आणि चेंडू जुना झाल्यावर दुसऱ्या दिवशी हॅट्ट्रिक घेतो. अपयशही चेंडूचं, यशही चेंडूचं आणि हाताचं. त्यात कचराने डोकं चालवून काय केलं, हे सिनेमा दाखवत नाही.

इथे क्रिकेट जाणणारे मित्र भागवत चंद्रशेखर यांचं नाव घेतात, आणि ते योग्यच आहे. चंद्रशेखर यांच्या उजव्या हाताला लहानपणी पोलिओ झाला होता, आणि त्याच हाताने त्यांनी 58 कसोटींत 242 बळी घेतले. 1971 मध्ये ओव्हलवर 38 धावांत 6 बळी घेऊन त्यांनी भारताला इंग्लंडमधला पहिला मालिकाविजय मिळवून दिला. पण चंद्रशेखर यांच्याबद्दल लिहिताना कुणी असं म्हणत नाही की बळी पोलिओने घेतले. त्यांचा वेग, त्यांची गुगली, वर्षानुवर्षांची मेहनत यांची चर्चा होते. अधू हात असूनही माणूस कसबी असू शकतो, हे चंद्रशेखर यांचं उदाहरण सांगतं. ‘लगान’ त्याच्या उलट सांगतो : माणसाकडे कसब नाही, पण हात अधू आहे म्हणून तो कामाचा आहे.

दुसरी गोष्ट भाषणाची. गाव कशामुळे बदलतं? माणूस म्हणून कचराचा हक्क आहे, म्हणून नाही. रामाने शबरीची बोरं खाल्ली, म्हणजे मोठ्याने लहानाला जवळ केलं, म्हणून. उदारपणा नेहमी वरून खाली येतो आणि तो देणाऱ्याच्या मर्जीवर असतो. शिवाय चेंडू वळला नसता तर हे भाषण झालंच नसतं. संघात दहा जण होते तेव्हाही कचरा त्याच मैदानाच्या कडेला होता. त्याची गरज पडली तेव्हा अस्पृश्यता पाप ठरली.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती पडद्यावर नाही. भाषण संपलं, पुढे काय? सराव आठवडेच्या आठवडे चालतो. माणसं घामेजतात, तहानतात. पाणी कोण देतं, कुठल्या भांड्यातून देतं? भाकरी कुठे बसून खातात? संध्याकाळी सगळे घरी जातात तेव्हा कचरा कुठे जातो? सिनेमासाठी हे सगळे प्रश्न एका भाषणात संपलेले आहेत. मुलाला ही पोकळी दिसत नाही. ज्याने आपल्या आजोबांकडून पाणवठ्याच्या गोष्टी ऐकल्या आहेत त्या तरुणाला ती पहिल्यांदा दिसते, आणि मग त्याशिवाय दुसरं काही दिसत नाही.

ही पोकळी किती मोठी आहे, हे मोजायला आपल्याकडे एक खरा माणूस आहे. ‘लगान’ घडतो 1893 मध्ये. त्याच सुमाराला पुण्यात पळवणकर बाळू नावाचा चांभार समाजातला, सतराएक वर्षांचा तरुण क्रिकेटच्या मैदानावर काम करत होता. त्याचा जन्म धारवाडचा. आधी पारशांच्या क्लबात महिना तीन रुपयांवर मैदान झाडणं, खेळपट्टीवर रोलर फिरवणं. मग युरोपियनांच्या पूना क्लबात महिना चार रुपये : जाळी लावायची, रेषा आखायच्या आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. जे. जी. ग्रेग हा त्या वेळचा नामांकित इंग्रज फलंदाज. बाळू त्याला तासन्‌तास चेंडू टाकत असे, आणि प्रत्येक वेळी बाद केल्यावर ग्रेग आठ आणे देई, असं सांगितलं जातं. त्या मेहनतीतून डावखुऱ्या संथ फिरकीचा एक मोठा गोलंदाज तयार झाला. पण पूना क्लबात त्याला फलंदाजी कधी मिळाली नाही. बॅट साहेबांसाठी होती.

रामचंद्र गुहांनी आपल्या क्रिकेटच्या इतिहासात हे सविस्तर लिहिलं आहे. बाळूची ख्याती झाल्यावर पुण्यातल्या हिंदू क्लबात वाद झाला : त्याला घ्यायचं की नाही? शेवटी घेतलं, कारण युरोपियनांना हरवायचं होतं. इथपर्यंत ‘लगान’ आणि इतिहास बरोबर चालतात. गरज पडली, दार उघडलं. फरक पुढे आहे. मैदानावर बाळू टाकतो तोच चेंडू सगळे हातात घेत होते. चहाच्या सुट्टीत मात्र बाकीचे पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपातून चहा घेत, आणि बाळूला बाहेर, फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यातून चहा मिळे. जेवायला वेगळं ताट, वेगळी जागा. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता.

‘लगान’मध्ये हा चहा नाही. तो दिसला असता तर भाषणानंतरच्या टाळ्या अर्ध्यावर थांबल्या असत्या. म्हणूनच तो दाखवलेला नाही, असं मी म्हणणार नाही. बनवणाऱ्यांच्या मनात काय होतं ते मला कळायला मार्ग नाही. पण पावणेचार तासांच्या सिनेमात या एका मिनिटाला जागा झाली नाही, हे दिसतं.

आणखी एक फरक आहे. बाळूची कामगिरी 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात डोळ्यांत भरणारी होती. त्या दौऱ्यात त्याने शंभराहून जास्त बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला दिलं गेलं नाही. 1920 मध्ये त्याला संघातूनच वगळलं, तेव्हा त्याचे धाकटे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी खेळायला नकार दिला आणि आपली बाजू जाहीर निवेदनातून मांडली. जातीमुळे डावललं जातं आहे हे त्यांनी उघड सांगितलं. पुढे तडजोड झाली, बाळूला उपकर्णधार केलं, आणि 1923 मध्ये विठ्ठल पळवणकर हिंदू संघाचा कर्णधार झाला. ही जागा कुणाच्या भाषणाने मिळाली नाही. संघाबाहेर राहण्याची किंमत मोजून, भांडून मिळाली. आणि 1920 हे साल कोणतं? त्याच वर्षीच्या जानेवारीत बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केलं होतं.

आपल्या वाचकांना पुढचा इतिहास ठाऊक आहे. बाळू काँग्रेसच्या बाजूला गेला. 1932 मध्ये स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर तो बाबासाहेबांच्या मागणीबरोबर नव्हता, आणि 1937 च्या मुंबई विधिमंडळाच्या निवडणुकीत तो बाबासाहेबांच्या विरुद्ध उभा राहून हरला. मी हे मुद्दाम सांगतो आहे. बाळू आपल्या चळवळीचा माणूस नव्हता. पण तो पुरा माणूस होता. त्याला मत होतं, महत्त्वाकांक्षा होती, चुकीची बाजू घेण्याचंही स्वातंत्र्य होतं. कचराला यातलं काहीच नाही. तो बाबासाहेबांशी सहमत होऊ शकत नाही आणि त्यांच्या विरुद्ध उभाही राहू शकत नाही, कारण त्याला मतच दिलेलं नाही. पडद्यावरचा कचरा आणि मैदानावरचा बाळू यांच्यातलं खरं अंतर गोलंदाजीतलं नाही, ते हे आहे.

आता आक्षेप येतात. पहिला आक्षेप : “1893 चं गाव दाखवलंय. तेव्हाचा अस्पृश्य बिचारा हात जोडूनच उभा असणार.” हे ऐकायला वास्तववादी वाटतं, पण इतिहास तसा नाही. 1893 मध्ये सत्यशोधक समाजाला वीस वर्षं झाली होती. जोतीराव फुले जाऊन तीन वर्षं झाली होती. लष्करात राहून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर वर्तमानपत्रांतून आणि पुस्तिकेतून जातीवर सरळ प्रश्न विचारत होते, आणि महारांची सैन्यभरती पुन्हा सुरू करा म्हणून अर्ज तयार करत होते. बाबासाहेब दोन वर्षांचे होते आणि त्यांचे वडील सुभेदार होते. चंपानेर हे काल्पनिक गाव महाराष्ट्रात नाही, हे मान्य. प्रत्येक गावात वलंगकर नव्हते, हेही मान्य. पण ज्या काल्पनिक गावात एक शेतकरी इंग्रज कप्तानाचं आव्हान स्वीकारू शकतो, तिथे एक अस्पृश्य स्वतःसाठी दोन वाक्यं का बोलू शकत नाही? कल्पनाशक्ती भुवनपाशी येऊन का थांबते?

दुसरा आक्षेप नावाचा. “आपल्याकडे कचरू, दगडू, धोंडू अशी नावं सगळ्या जातींत असतात. मूल जगावं, दृष्ट लागू नये म्हणून ठेवतात.” हे खरं आहे, आणि नुसत्या नावावरून सिनेमाला आरोपी करणं मला योग्य वाटत नाही. पण मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात शूद्राचं नाव तिरस्कार दाखवणारं असावं असा नियम आहे, हेही खरं आहे. नवसाने मिळालेला कचरू आणि गावाने ठेवलेला कचरा यांत फरक असतो, आणि हा फरक करायला सिनेमाला एक प्रश्न पुरला असता : “तुझं नाव कुणी ठेवलं?” तो कुणी विचारला नाही. बावीस वर्षांनी जाहिरातवाल्यांनी त्या नावाचा अर्थ शब्दशः घेतला आणि माणसाचा स्टूल केला. सिनेमात ज्याला मत नव्हतं, इच्छा नव्हती, फक्त उपयोग होता, त्याला वस्तू बनवायला त्यांना फारसं काही बदलावं लागलं नाही.

मग काय करायचं? आवडता सिनेमा फेकून द्यायचा? मला तसं वाटत नाही. हॅट्ट्रिकच्या वेळी लहानपणी झालेला आनंद खोटा नव्हता. आपल्यातला कुणीतरी जिंकतो आहे हे त्या वयातही कुठेतरी कळलं होतं म्हणूनच तो झाला. मोठेपणी त्या आनंदात जी कडवट चव येते ती त्याच ओळखीची पुढची पायरी आहे. आधी आपण टाळ्या वाजवल्या, आता आपण विचारतो की टाळ्या कुणासाठी वाजल्या : कचरासाठी, की त्याला संघात घेणाऱ्याच्या मोठेपणासाठी?

हे ओळखायची साधी रीत आहे. अभ्यासगटात, वसतिगृहात जुना सिनेमा लावाल तेव्हा आपल्या माणसाच्या प्रत्येक प्रसंगात तीन गोष्टी पाहा. तो स्वतःबद्दल बोलतो का, की त्याच्याबद्दल दुसरा बोलतो? त्याला जागा मिळते ती हक्काने, की कुणाच्या अडचणीला उपयोगी पडला म्हणून? आणि मोठा प्रसंग संपल्यावर तो कुठे जेवतो, कुठे झोपतो, हे दिसतं का? ‘सुजाता’ला (1959) हीच कसोटी लावा. तिथे सुजाताला घरात खरी मुलगी म्हणून जागा मिळते ती तिचं रक्त जखमी आईला जुळल्यावर. तिकडे रक्त, इकडे फिरकी. अट तीच.

काही सिनेमे या कसोटीवर टिकतात. ‘फँड्री’ (2013) ज्यांनी जब्याच्या वयात पाहिला, ते आता नोकरीला लागले आहेत. त्यांनी तो पुन्हा पाहिला तर बहुधा जास्त दुखेल, पण फसवणूक झाल्यासारखं वाटणार नाही. कारण तो पहिल्यापासून जब्याच्या शेजारी उभा राहून दाखवलेला आहे. त्यात जब्याला कुणी संघात घेत नाही, आणि तो हात जोडून उभाही राहत नाही. दगड उचलतो.

आणि कुणी म्हणालं, “तुम्ही लोक साध्या सिनेमातही जात आणता,” तर त्याला शांतपणे विचारा : पावणेचार तासांत अकरा जणांनी इतका घाम गाळला, त्यात कचराने पाणी कुठल्या भांड्यातून प्यायलं? जात सिनेमात आम्ही आणली नाही. ती मैदानाच्या कडेला आधीपासून उभी होती. लहानपणी आपण तिच्याकडे पाठ करून बसलो होतो, कारण आपल्याला तसंच बसवलं होतं.

जय भीम!